फेसबुकवरचे जुने प्रोफाइल आणि कव्हर फोटो: उडवावेत की राहू द्यावेत?

चाफेकळी: ऑफिसात नव्याने आलेल्या एकाने परवा माझा 2013 चा कव्हर फोटो स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवला. तो कव्हर मी केव्हाच बदलला होता आणि हा माणूस माझ्या फ्रेंडलिस्टमध्येही नाही. Cover photos अल्बम उघडला तर तेव्हापासूनचे सगळे तिथेच! Profile pictures मध्येही तेच. माझ्या मते सगळे सरळ डिलीट करावेत. घरचे म्हणतात, आठवणी आहेत, असू देत. तुम्ही काय करता आणि का?

रानवारा: एवढा विचार कशाला? प्रोफाइल लॉक करून टाका. 2020 पासून भारतात ती सोय आहे. अनोळखी माणसाला तुमचे फोटो आणि पोस्ट दिसतच नाहीत, प्रोफाइल फोटोही मोठा करून बघता येत नाही. एका झटक्यात काम. एकेक फोटो उघडत बसायला वेळ कोणाला आहे?

कोकणकडा: रानवारा यांचं अर्धं बरोबर आहे. लॉकमुळे अनोळखी लोक बाहेर राहतात हे खरं, पण फ्रेंडलिस्टमधल्या प्रत्येकाला दोन्ही अल्बम पहिल्यासारखेच दिसतात. बारा-पंधरा वर्षं जुन्या खात्यात कोण कोण असतं ते आठवून बघा: सोडलेल्या नोकरीतले लोक, कधी तरी एकत्र सहल केलेले, कोण ते आठवतही नाही असे. शिवाय लॉक असताना पब्लिक पोस्ट टाकता येत नाही. ज्यांचा क्लास किंवा घरगुती व्यवसाय फेसबुकवर चालतो त्यांना ते परवडत नाही.

हे का होतं तेही सांगतो. चालू कव्हर फोटो पब्लिकच असतो, त्यात आपल्याला निवड नाही. आपण कव्हर बदलतो तेव्हा जुना फोटो अल्बममध्ये जातो, पण पब्लिकच राहतो. आपल्याला वाटतं बदलला म्हणजे गेला. तो गेलेला नसतो, फक्त दर्शनी जागेवरून हटलेला असतो. आणि या अल्बमवर एकदम लागू होणारी सेटिंग नाही. प्रत्येक फोटो उघडायचा, तीन टिंबांवर जायचं आणि तो कोणाला दिसावा ते बदलायचं, हवं तर Only me, म्हणजे फक्त स्वतःला. अल्बम तर डिलीटही करता येत नाही, तो फेसबुकने स्वतः बनवलेला असतो.

माधुरीताई_नाशिक: अगं, मी तर डीपी बदलते की जुना आपोआप जातो. कोणाला काही दिसत नाही. माझ्या मैत्रिणींनाही कधी दिसलेला नाही.

कोकणकडा: ताई, ते व्हॉट्सअॅपचं. तिथे जुना डीपी प्रोफाइलवर राहत नाही. त्याच सवयीने आपण फेसबुककडे बघतो, म्हणून तर इतक्या जणांना हे अल्बम माहीत नसतात.

टेकडी_उतार: मी डिलीटच्या बाजूने. Only me करून काय मिळतं? फोटो त्यांच्याकडे राहतोच. उद्या चुकून एखादी सेटिंग बदलली किंवा खातं कोणी हॅक केलं तर पुन्हा सगळं उघडं. नको असलेली गोष्ट ठेवायचीच कशाला? मूळ फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि तिथून काढून टाका. माझ्या बहिणीच्या जुन्या प्रोफाइल फोटोवरून कोणीतरी तिच्या नावाचं खोटं खातं काढलं होतं, ओळखीच्यांकडे पैसे मागितले होते. त्यानंतर आमच्या घरात या विषयावर चर्चा होत नाही.

रानवारा: त्यासाठी प्रोफाइल पिक्चर गार्ड आहे की. 2017 मध्ये भारतातच आधी आणला. निळी ढाल दिसते, फोटो डाउनलोड करता येत नाही.

कोकणकडा: तो चालू प्रोफाइल फोटोसाठी आहे. मागच्या दहा फोटोंना ढाल नाही, आणि खोटं खातं काढणाऱ्याला जुना फोटोही चालतो.

सायली_जुनी: मी काहीच डिलीट करणार नाही. माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. माझ्या प्रत्येक प्रोफाइल फोटोखाली त्यांची काही ना काही कॉमेंट आहे. एका फोटोखाली नुसतं लिहिलंय, "केस कापलेस ते सांगितलं नाहीस." मी ते अधूनमधून वाचते. फोटो उडवला की कॉमेंटही जाणार, मूळ फोटो कॉम्प्युटरवर ठेवून ती परत येणार नाही. ज्यांना नको त्यांनी उडवावेत, पण सगळ्यांनी उडवायलाच हवेत असं म्हणू नका.

टेकडी_उतार: तुमच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही. पण मग निदान ते जगाला दिसू देऊ नका.

कोकणकडा: सायलीताईंसाठीच Only me आहे. फोटो तिथेच राहतो, खालच्या कॉमेंट राहतात, फक्त तुम्हालाच दिसतात. एक मात्र करू नका: पोस्ट प्रोफाइलवरून नुसती लपवू नका. त्याने टाइमलाइन स्वच्छ दिसते, पण फोटो अल्बममध्ये तसाच उघडा राहतो. खूप जण तेवढंच करून निर्धास्त होतात.

चाफेकळी, सुरुवात कव्हरपासून करा. कव्हर म्हणून आपल्याला दिसते ती आडवी पट्टी, पण त्यावर टॅप केलं की अपलोड केलेला पूर्ण फोटो उघडतो. माझ्या भाचीच्या 2014 च्या कव्हरवर पट्टीत फक्त घरचा गणपती आणि मखर दिसायचं. पूर्ण फोटोत उजवीकडे उघडं दार, त्यावर आडनावाची पाटी आणि फ्लॅट नंबर, खाली शाळेच्या गणवेशातली दोन मुलं, शर्टावर शाळेचं बोधचिन्ह. शाळा, घर, मुलं, सगळं एका फोटोत. तो तिने उडवला, कारण त्याखाली जपण्यासारखं काही नव्हतं. बाकीचे डोंगर-समुद्राचे कव्हर तसेच ठेवले. त्यांत कोणाचं काय जाणार?

झाल्यावर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून View as उघडा. अनोळखी माणसाला तुमचं प्रोफाइल कसं दिसतं ते तिथे कळतं. फोटो विभागात जाऊन दोन्ही अल्बम बघा, एखादा राहून गेला असेल तर तिथे सापडेल. आधीच कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीवर मात्र यातल्या कशाचाच परिणाम होत नाही.

चाफेकळी: आत्ताच पूर्ण फोटो उघडून बघितले. एका कव्हरमध्ये स्कूटरची नंबर प्लेट आहे, पट्टीत ती कधीच दिसली नव्हती. तो डिलीट केला. प्रोफाइल फोटोंपैकी बरेच Only me केले. पण एकात माझ्या मैत्रिणीचा मुलगा आहे, तेव्हा तान्हा होता, आता दहावीत आहे. फोटो माझा, चेहरा त्याचा. Only me पुरे, की त्याला विचारायला हवं?

टेकडी_उतार: विचारायचं काय त्यात, काढून टाका. तेव्हा त्याला कोणी विचारलं होतं?

सायली_जुनी: त्याच्या आईला तो फोटो हवा असेल तर? आधी तिला पाठवा, मग ठरवा.

कोकणकडा: मी मुलालाच विचारलं असतं. दहावीतल्या मुलाला स्वतःचं मत असतं, आणि ते आईसारखंच असेल असं नाही.