मदत हवी आहे: रेनकोटच्या सीझनचा चांगला, अपेक्षित आणि वाईट असा तिहेरी अंदाज कसा बांधायचा?

कराडची_दुकानदारीण

नमस्कार मंडळी. कराडमध्ये आमचं तयार कपड्यांचं दुकान आहे. बाबांचं वय झाल्याने गेल्या वर्षापासून खरेदी मी बघते. आमचे तीन सीझन: पावसाळ्यात रेनकोट, मग गणपती-दिवाळी, मग स्वेटर. प्रश्न रेनकोटचा आहे, कारण मुंबईच्या होलसेलवाल्याला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डर द्यावी लागते आणि तेव्हा पाऊस कसा येणार हे कोणालाच माहीत नसतं.

वहीवरून काढलेली तीन वर्षांची विक्री अशी आहे. 2023 मध्ये 640 नग, 2024 मध्ये 910, 2025 मध्ये 780. सरासरी 777 येते. मी त्यात 20 टक्के वाढवून 932 हा चांगला आकडा धरला आणि 20 टक्के कमी करून 621 हा वाईट. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे 20 टक्के कुठून आणलेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरेदीसाठी फार तर साडेतीन लाख काढू शकते. ऑगस्टमध्ये गणपतीच्या मालाला पैसे लागतात, त्याच्या आत ते मोकळे झाले नाहीत तर उधारीचं व्याज भरावं लागतं. किती नगांची ऑर्डर द्यावी?

एक्सेलवाला_सांगली

सरासरीपेक्षा शेवटच्या वर्षाला जास्त वजन द्या. 2025 ला 50 टक्के, 2024 ला 30, 2023 ला 20. अपेक्षित आकडा 791 येईल. बाजार बदलत असतो, जुनी वर्षं तितकी कामाची नसतात. वाईट आकडा मात्र सरळ निम्मा धरा, म्हणजे झोप शांत लागते.

खरेदीखातं

मी 18 वर्षं कपड्यांच्या दुकानांसाठी खरेदी करतोय. जवळच्या वर्षाला वजन द्यावं हे एक्सेलवाल्यांचं म्हणणं एरवी बरोबर आहे, पण इथे ते अडचणीत आणेल. ताई, 2025 मध्ये तुमचा माल मध्येच संपला होता का? त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला. मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी पोचला, नेहमीची तारीख 11 जून आहे. माझ्या ओळखीतल्या बहुतेक दुकानांत तेव्हा निम्मा माल गाडीतच होता. तुमची वही विक्री सांगते, मागणी सांगत नाही.

आणखी तीन गोष्टी सांगा. लहान मुलांचे आणि मोठ्यांचे नग वेगळे लिहिलेत का? 2024 मध्ये कोणी एकगठ्ठा ऑर्डर दिली होती का? आणि खरेदीचे भाव काय?

कराडची_दुकानदारीण

हो, संपला होता! मोठ्यांचे L आणि XL 28 मे ते 8 जून असे बारा दिवस नव्हते. लोक दारातून परत जात होते, मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्याआधी मोठ्यांचे रोज 14 नग जात होते, माल आल्यावर रोज 10. मधल्या बारा दिवसांत उरलेल्या साइजमधले मिळून 36 गेले.

2024 मध्ये एका कारखान्याने सुरक्षारक्षकांसाठी 60 नग नेले होते. ते पुन्हा आले नाहीत.

वेगळे आकडे: लहान मुलांचे 330, 370, 360. मोठ्यांचे 310, 540, 420. लहान नग 260 ला पडतो, मोठा 520 ला. मोठा आम्ही 780 ला विकतो.

खरेदीखातं

आता चित्र दिसायला लागलं.

मुलांचे आकडे बघा, ते फारसे हलतच नाहीत. शाळा जूनच्या मध्याला उघडते, आई दप्तराबरोबर रेनकोट घेते. 2023 मध्ये पाऊस उशिरा आला तरी 330 गेले, ते फक्त महिनाअखेरीला गेले. मोठी माणसं मात्र भिजल्याशिवाय दुकानात येत नाहीत. तुमचा सगळा धोका मोठ्यांच्या नगांत आहे. दोन्ही एकत्र करून 20 टक्के लावले की हे दिसत नाही.

मोठ्यांचा अपेक्षित आकडा असा काढा. 2024 च्या 540 मधून कारखान्याचे 60 काढले की 480. 2025 मध्ये त्या बारा दिवसांत रोज 14 आणि 10 च्या मधले 12 गेले असते असं धरलं तर 144 व्हायला हवे होते, झाले 36. तफावत 108. त्यातले काही जण नंतर तुमच्याकडेच आले असतील म्हणून 90 धरतो. 420 आणि 90 मिळून 510. दोन्ही वर्षांची सरासरी 495.

वाईट आकड्यासाठी निम्मा वगैरे कल्पना करायची गरज नाही, 2023 तुमच्या वहीत आहे. पाऊस कोकणात येऊन अडकला, मुंबईत 25 जूनला पोचला आणि पुढे ऑगस्ट कोरडा गेला. मोठ्यांचे 310.

चांगल्या आकड्यासाठी 2025 चे 15 जूनपर्यंतचे सुधारलेले आठवडे आणि 2024 चे त्यानंतरचे आठवडे जोडून बघा. बेरीज 600 च्या आसपास आली तर तेवढे धरू नका, कारण मे मध्ये रेनकोट घेतलेला माणूस जुलैत पुन्हा घेत नाही. मी 560 धरेन.

मुलांचे 330, 365, 390 घेतले की एकूण वाईट 640, अपेक्षित 860, चांगला 950. खाली 220 नगांची घसरण आणि वर फक्त 90 ची चढण.

फलटणचा_मधू

आमच्याकडे पाऊस कमी, आम्ही रेनकोट आणि प्लास्टिकचे कागद विकतो ते पालखीवर. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढी 25 जुलैला आहे, गेल्या वर्षी 6 जुलैला होती. म्हणजे आमचा सगळा सीझन जवळजवळ तीन आठवडे पुढे जाणार. जूनची जूनशी तुलना केली तर यंदा धंदा बुडाला असं वाटेल. ताई, तुम्हीही पालखीच्या मालाची ऑर्डर उशिरा द्या.

कराडची_दुकानदारीण

मधूदादा, कराड पालखीच्या वाटेवर नाही, आमचं गिऱ्हाईक शाळेचं आणि दुचाकीवाल्यांचं. पण तारखेचं पटलं, दिवाळीच्या मालाला लावून बघते. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी 21 ऑक्टोबरला होतं, यंदा 8 नोव्हेंबरला.

खरेदीखातं काका, मग 860 ची ऑर्डर देऊ का?

खरेदीखातं

अंदाज 860 चा आहे म्हणून ऑर्डर 860 ची असेलच असं नाही.

सगळे घेतले तर मुलांचे 94,900 आणि मोठ्यांचे 2,57,400, मिळून 3,52,300. तुमच्या मर्यादेच्या थोडं वर गेलं. 2023 सारखं वर्ष आलं तर मोठ्यांचे 185 आणि मुलांचे 35 उरतील, म्हणजे 1,05,300 रुपये गणपतीच्या तोंडावर गोदामात.

एप्रिलमध्ये मोठे 400 घेतले तर? वाईट वर्षी 90 उरतात, अडकलेली रक्कम मुलांच्या मालासह 55,900. जवळजवळ 50 हजारांनी कमी. अपेक्षित वर्षी 95 नग मे अखेर मागवावे लागतील, तेव्हा भाव चढा असतो. नगामागे 40 जास्त धरले तर 3,800 रुपये. हा मला विम्याचा हप्ता वाटतो आणि तो परवडतो.

उरलेला रेनकोट पुढच्या वर्षी विकता येतो हे खरं, पण घडीवर कडक होतो, शिवणीवरची पट्टी सुटते. प्रत्येक नग उलगडून बघा, नाहीतर दुसऱ्या पावसात गिऱ्हाईक तो परत आणून टाकतं.

आणि 400 मोठे म्हणजे चारही साइज सारख्या नव्हेत. गेल्या वर्षी आधी L-XL संपले, तोच कल धरून ऑर्डर वाटा.

एक्सेलवाला_सांगली

माल संपल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, ते बरोबर आहे. पण तुमचा सगळा डाव मे अखेरच्या दुसऱ्या ऑर्डरवर उभा आहे. 2025 मध्ये होलसेलवाल्याने बारा दिवस लावले. सगळं राज्य एकदम मागायला लागलं तर पुन्हा तेच होईल. आणि दुसरी ऑर्डर द्यायची की नाही हे कशावरून ठरवायचं? केरळच्या तारखेवरून?

खरेदीखातं

हा आक्षेप रास्त आहे. हवामान खातं मेच्या मध्याला केरळातल्या आगमनाची तारीख सांगतं, चार दिवस पुढेमागे धरून. मी त्या आठवड्यात निर्णय घेतो, डोक्यावर ढग येण्याची वाट बघत नाही. पण ती तारीख पुरेशी नाही. 2023 मध्ये केरळात 8 जूनला पोचलेला पाऊस आपल्याकडे अडकून बसला. 2025 मध्ये उलट झालं, केरळच्या 24 मे च्या आधीच आपल्याकडे वळवाने झोडपलं आणि गिऱ्हाईक आलं. म्हणून दुसरी खूण दुकानातलीच ठेवतो: 15 मे नंतर सलग तीन दिवस मोठ्यांचे पाचापेक्षा जास्त नग गेले की ऑर्डर टाकायची, बातम्या काहीही म्हणोत. पाच हा माझ्या अनुभवातला आकडा आहे, तुमच्या वहीवरून तपासा.

होलसेलवाल्याने माल राखून ठेवावा म्हणून मी काही ठिकाणी थोडी आगाऊ रक्कम दिली आहे. एकाने शब्द पाळला, एकाने नाही. यावर खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही.

कराडची_दुकानदारीण

बाबांना हे कागदावर दाखवलं. 2023 ची वही त्यांनी स्वतः काढून बघितली आणि म्हणाले, "310 खरं आहे, मी तेव्हा दुपारी दुकान उघडं ठेवून पेपर वाचत बसायचो."

त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली. गेल्या दिवाळीत बसस्टँडजवळ मोठी शोरूम उघडली. आमचे स्वेटर आदल्या थंडीत 210 गेले होते, या थंडीत 185 गेले. म्हणजे साधारण 12 टक्के घट. ती शोरूममुळे की दुसऱ्या कशामुळे, हे आम्हाला सांगता येत नाही.

खरेदीखातं

तो परिणाम पावसाच्या आकड्यांत मिसळू नका, खाली वेगळी ओळ लिहा. मुलांच्या नगांना लावू नका, शाळेची गिऱ्हाइकं ओळखीच्या दुकानात येतात. मोठ्यांच्या तिन्ही आकड्यांना 12 टक्के लावले तर 310, 495, 560 चे साधारण 273, 436 आणि 493 होतात.

एक्सेलवाला_सांगली

मला हे पटत नाही. एका थंडीवरून शोरूमचा परिणाम ठरवणं आणि एका वर्षावरून वाईट आकडा ठरवणं, दोन्ही एकाच वेळी लावलं की भीतीवर भीती चढते. मी 400 च ठेवेन.

कराडची_दुकानदारीण

मी मधला मार्ग धरते. एप्रिलमध्ये मुलांचे 365 आणि मोठ्यांचे 370. खर्च 94,900 आणि 1,92,400, म्हणजे 2,87,300. उरलेले 62,700 दुसऱ्या ऑर्डरसाठी बाजूला, त्यात 560 च्या भावाने 111 नग येतात. वाईट वर्षी पाऊस आणि शोरूम दोन्ही नडले तरी मोठ्यांचे 97 उरतील.

होलसेलवाल्याशी सोमवारी बोलते. L आणि XL चे 60 नग 25 मे पर्यंत राखून ठेवायला तो किती आगाऊ मागतो ते विचारते. कोणी असा व्यवहार लेखी केला असेल तर कागदावर काय लिहिलं होतं तेवढं सांगा.