मदत हवी आहे: भाच्याला गेमचा कोड द्यावा की स्टीमचं गिफ्ट कार्ड?

मंजिरी_सातारा
नमस्कार मंडळी. माझा भाचा २१ जूनला एकोणीस वर्षांचा होतोय. नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. मागच्या वर्षी दिलेल्या शर्टाची अजून घडी मोडलेली नाही, म्हणून यंदा त्याच्या मनातलंच द्यायचं ठरवलंय. बहीण सांगते की तो लॅपटॉपवर स्टीम वापरतो आणि त्याला सायबरपंक २०७७ हवाय. एका साइटवर त्या गेमचा कोड मिळतोय, स्टीमपेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त. खाली बारीक अक्षरांत GOG असं लिहिलंय. नाहीतर तेवढ्याच पैशांचं स्टीमचं कार्ड. कार्ड म्हणजे पाकिटात नोटा घालून दिल्यासारखं वाटतं. पण कोड चुकला तर तो मला सांगणारही नाही, फार संकोची आहे. काय घेऊ?

रानडुक्कर
कोडच्या नादी लागू नका ताई. बाहेर मिळणारे सगळे कोड चोरीच्या क्रेडिट कार्डवर घेतलेले असतात. चार महिन्यांनी गेम खात्यातून गायब होतो.

जुना_जॉयस्टिक
सगळे नाहीत हो. कोणीही येऊन आपले कोड विकू शकतो अशा बाजारू साइटवर ती भीती खरी आहे. प्रकाशकाकडून थेट कोड घेणारी अधिकृत दुकानं वेगळी.

ताई, तुमचा मुद्दा दुसराच आहे. GOG हे स्टीमसारखंच एक वेगळं दुकान आहे. सायबरपंक तिथेही मिळतो, पण तिथला कोड स्टीममध्ये चालत नाही. भाचा "Activate a Product on Steam" मध्ये तो टाकेल आणि स्टीम नाही म्हणेल. कोड स्टीमचाच असला तरी बाहेरून घेतलेल्याचे पैसे स्टीम परत करत नाही. कार्डाच्या पैशांतून त्याने स्टीमवर गेम घेतला आणि लॅपटॉपला झेपला नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड वॉलेटमध्ये येतो. होस्टेलच्या लॅपटॉपवर हा गेम म्हणजे हे बघायलाच हवं.

पिंट्या_पीएस५
माझ्या मामाने दुबईहून तिथलं प्लेस्टेशन कार्ड आणलं होतं, माझ्या भारतातल्या खात्यावर चाललंच नाही. कार्ड भारताचंच घ्या!

जुना_जॉयस्टिक
प्लेस्टेशनचं बरोबर आहे, पण ताईंचा भाचा स्टीमवर आहे.

एडिसनची_काकू
आम्ही न्यू जर्सीत. इथून पुतण्याला थेट स्टीमवरून गेम गिफ्ट करायला गेले तर दोन देशांतल्या किमतीत फार फरक म्हणून अडवलं. मग डॉलरचं वॉलेट कार्ड घेऊन कोड व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याच्या खात्यात रुपये होऊन जमा झाले.

मंजिरी_सातारा
GOG चं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं. आम्ही दोघं भारतातच आहोत. मग मीही स्टीमवरून थेट गेमच गिफ्ट करू का? भेट उघडल्यासारखं तरी वाटेल त्याला.

जुना_जॉयस्टिक
मला तोच मार्ग सगळ्यात आवडतो. त्याने भेट नाकारली तर पैसे तुम्हाला परत येतात. मात्र तुम्ही दोघं स्टीमवर फ्रेंड असायला हवं. नव्या खात्यावर पाच डॉलर खर्च होईपर्यंत तुम्हाला रिक्वेस्ट पाठवता येत नाही, म्हणून ती त्यालाच पाठवायला सांगा. म्हणजे सरप्राइज थोडं फुटणार.

रानडुक्कर
कार्डच द्या. जूनच्या शेवटी समर सेल लागतो, त्याच पैशांत दोन गेम येतील. वॉलेटमधले पैसे कुठे पळून जात नाहीत.

शेवंता_९७
माझ्या भावाने असेच पैसे काउंटर-स्ट्राइकच्या बंदुकीच्या रंगावर उडवले. गेम हवाय तर गेमच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंजिरी_सातारा
बहिणीने त्याच्या विशलिस्टचा फोटो काढून पाठवला. त्यात सायबरपंक नाहीच! "Phantom Liberty" असं लिहिलंय. बहिणीने चित्र बघून तोच गेम समजला बहुतेक.

जुना_जॉयस्टिक
थांबा, काही घेऊ नका. ती सायबरपंकची पुढची भर आहे, मूळ गेम असल्याशिवाय चालत नाही. विकत घेतलेला गेम विशलिस्टमधून आपोआप निघतो, म्हणजे मूळ गेम त्याच्याकडे स्टीमवर असावा. पण त्याने तो GOG वर घेतला असेल तर स्टीमवरची भर त्याला लागू पडणार नाही. बहिणीला त्याच्या स्टीमच्या Library चा फोटो मागा.

मंजिरी_सातारा
तो रविवारी घरी येतोय, तेव्हा बहीण गुपचूप फोटो काढेल. मूळ गेम तिथे दिसला तर भर गिफ्ट करते. नाही दिसला तर कार्डच घेते, आणि कोड एका जाड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्या शर्टाच्या खिशात ठेवते. शून्य आणि ओ यांत घोळ होऊ नये म्हणून काय करता तुम्ही?

एडिसनची_काकू
हाताने लिहू नका, प्रिंट काढा. आणि कार्डावरचा मूळ कोडही त्याने वापरेपर्यंत जपून ठेवा.