तमिळ पत्रात आजेसासूबाईंना काय म्हणायचं? रविवारच्या आत मदत हवी

मधुरा_ठाणे: तमिळ येणाऱ्यांनी लगेच सांगा, पत्र सोमवारी टपालात पडायलाच हवं. पहिलं वाक्य मी लिहिलं, "अन्बुळ्ळ पाट्टि, नी एप्पडि इरुक्के?", म्हणजे 'प्रिय आजी, तू कशी आहेस?' नवरा म्हणाला, 'नी' नको. पण तो स्वतः फोनवर आजीला 'नी'च म्हणतो! मग मी "सौक्यमा इरुक्केळा" केलं, जसं घरात सगळे म्हणतात. तर म्हणे असं लिहीत नाहीत. मग लिहितात कसं? ते त्याला सांगता येत नाही, कारण त्याची शाळा मुंबईतली आणि तमिळ अक्षरं त्याला येत नाहीत. मला येतात. बरोबर वाक्य काय ते द्या.

अण्णा_माटुंगा: सोपं आहे. पत्रात मोठ्यांना 'तांगळ्'. 'नींगळ्' म्हणजे 'तुम्ही', ते फक्त बोलण्यात. 'तांगळ्' म्हणजे आपलं 'आपण'. डोळे मिटून लिहा.

सदाशिव_पुणे: मोबाइलवर तमिळ कळफलक सेटिंगमधून चालू करता येतो. मी चेन्नईच्या साहेबांना त्यावरूनच 'वणक्कम्' पाठवतो, खूष होतात.

मधुरा_ठाणे: कळफलक नको आहे, हाताने लिहिते आहे.

कावेरीकाठ: थोडं थांबा, आधी तीन गोष्टी सांगा. पत्र तुमच्या एकटीच्या नावाने की दोघांच्या? आजी स्वतः वाचणार की कुणी वाचून दाखवणार? आणि 'इरुक्केळा' यावरून घर अय्यर-अय्यंगारांचं वाटतं, तसंच ना?

मधुरा_ठाणे: हो, अय्यर, कुंभकोणमचे. पत्र माझ्या एकटीचं. आजींना ८० पूर्ण होताहेत, आम्ही जाणार आहोत, तेच कळवायचंय. डोळ्यांना कमी दिसतं, पुतण्या वाचून दाखवेल. याने काय फरक पडतो?

कावेरीकाठ: सगळाच पडतो. नातू आजीला 'नी' म्हणतो, ते लाडाचं. आपण आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणत आलो, तसंच तिथे कित्येक घरांत आई-आजी 'नी' आणि वडील 'नींग'. सुनेला मात्र ती मुभा नाही. सासरच्या सगळ्या मोठ्यांना आदरार्थीच.

आता 'इरुक्केळा' चुकीचं नाही, पण ते तुमच्या घरचं बोलणं आहे. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या घरात तेच 'इरुक्कींगळा' होईल. पत्रात दोन्ही घरं एकच रूप लिहितात: 'इरुक्किरीर्गळा'. तुमचं वाक्य असं होईल: "अन्बुळ्ळ पाट्टिक्कु वणक्कम्. नींगळ् नलमाग इरुक्किरीर्गळा?" पाट्टि नव्हे, 'पाट्टिक्कु'. आपण 'ती. आजीस' लिहितो, त्यातला 'स' आहे हा.

अण्णा, 'नींगळ्' बोलण्यातलं नाही हो. बोलण्यात 'नींग' होतं, शेवटचा 'ळ' गळतो. प्रश्न विचारला की तो परत येतो: 'वरींग', पण 'वरींगळा?' लिहिताना तो कधीच गाळायचा नाही.

अण्णा_माटुंगा: मी ४० वर्षं तमिळ शेजारात राहतो. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत 'तांगळ्' होतं.

कावेरीकाठ: पत्रिकेत असणारच. आपल्या पत्रिकेतही 'आपण सहकुटुंब' असतं, म्हणून आजीला कुणी 'आपण जेवलात का' लिहीत नाही. मुख्याध्यापकांना, अनोळखी वडीलधाऱ्यांना 'तांगळ्' शोभतं. 'आपण'शी तुलना मात्र तुम्ही अचूक केलीत, दोन्ही शब्द मूळचे 'स्वतः' या अर्थाचे.

तंजावरची_लेक: इथे माझं मत वेगळं. माझे वडील त्यांच्या वडिलांना "तंगळ् कडिदम् किडैत्तदु" असंच लिहायचे, म्हणजे 'आपलं पत्र मिळालं'. ती पत्रं माझ्याकडे आहेत. त्यात परकेपणा नाही वाटत मला. आम्ही तंजावरचे मराठी, घरात मराठी बोलायचो आणि पत्रं तमिळमध्ये. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ चा मोठा मराठी शिलालेख आहे, तो पाहिलात का कुणी?

मधुरा_ठाणे: शिलालेख नंतर, प्लीज. पुढचं वाक्य बघा: "अवन् लीव् पोट्टिरुक्कान्. नाम् वरुवोम्. उडंबैप् पार्त्तुक्को." त्याने रजा टाकली आहे, आम्ही येऊ, तब्येत सांभाळा. फक्त 'पार्त्तुक्को'चं आदरार्थी सांगा, बाकी ठीक आहे.

कावेरीकाठ: बाकी ठीक नाही, खरी अडचण बाकीतच आहे. 'पार्त्तुक्को'चं 'पार्त्तुक्कोळ्ळुंगळ्' करा. 'नाम्' म्हणजे आजींना धरून आपण सगळे. आजी तर घरीच आहेत, म्हणून 'नांगळ् वरुवोम्' हवं. आपल्या 'आपण येऊ' आणि 'आम्ही येऊ' यांच्यात आहे तेवढाच फरक. 'नांगळ्' दिसायला 'नींगळ्'सारखं असलं तरी त्यात आदराचा काही भाग नाही, हे साधं अनेकवचन आहे.

आणि 'अवन्'. तुम्ही दोघं एकमेकांना 'नी' म्हणत असाल, मित्रांत 'वाडा', 'वाडी', म्हणजे 'ये रे', 'ये गं', चालत असेल, ते बरोबरच आहे. पण सुनेने आजेसासूला लिहिताना नवऱ्याला 'अवन्' लिहिलं तर वाचून दाखवणारा पुतण्या तिथे अडखळेल. 'अवर् लीव् पोट्टिरुक्किरार्' लिहा. शेवटी 'आन्'चं 'आर्' झालं की झालं.

रेवती_नाशिक: हे मला पटत नाही. मी माझ्या तमिळ नवऱ्याला सासूबाईंसमोरही 'अवन्' म्हणते. सासूबाईंनी कधी हरकत घेतली नाही. बायकोनेच नवऱ्याला मान द्यायचा आणि त्याने तिला 'अवळ्' म्हणायचं, ही पद्धत आपण का पुढे न्यायची?

कावेरीकाठ: बोलताना खुशाल म्हणा, माझ्या सुनाही म्हणतात. पण समोर चेहरा असतो, आवाज असतो. पत्र ८० वर्षांच्या बाई चार माणसांत ऐकणार आहेत. मधुराताईंना 'अवर्' नको असेल तर सर्वनाम टाळून नवऱ्याचं नाव लिहावं. क्रियापदाला 'आर्' मात्र राहू द्या.

तंजावरची_लेक: सासूबाईंबद्दल काय लिहिणार आहात? बोलण्यात 'अम्मा वंदांग', तुमच्या घरात 'वंदा'. पत्रात कुणी 'वंदार्' लिहितं, कुणी 'वंदार्गळ्'. आमच्याकडे दुसरं.

कावेरीकाठ: मी 'वंदार्' लिहीन. 'वंदार्गळ्' वाचलं की एकापेक्षा जास्त माणसं आली असं वाटतं. पण तुमच्या घरातलं चूक म्हणवत नाही, तसं लिहिणारी घरं मीही पाहिली आहेत.

मधुरा_ठाणे: आता असं झालंय: "अन्बुळ्ळ पाट्टिक्कु वणक्कम्. नींगळ् नलमाग इरुक्किरीर्गळा? अवर् लीव् पोट्टिरुक्किरार्. नांगळ् वरुवोम्. उडंबैप् पार्त्तुक्कोळ्ळुंगळ्." 'अवर्'वर रेवतीताईंचं म्हणणं मला पटतं, तरीही या पत्रात 'अवर्'च ठेवते. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, आजीची जुनी पत्रं अशीच ऐकू यायची. त्यातलं एक काढून पाहिलं. अगदी वर मध्यभागी तमिळ 'उ' आहे आणि त्याखाली दोन आडव्या रेघा. ती कुणाच्या नावाची खूण?

कावेरीकाठ: पिळ्ळैयार् सुळि. गणपतीची. कागदावर सगळ्यात आधी ती काढतात. तुम्हीही काढा, पुतण्याने सांगितलं नाही तरी आजी बोटाने चाचपून विचारतील.

सदाशिव_पुणे: साहेबांना 'वणक्कम्'च्या पुढे 'नींगळ्' लिहू का 'तांगळ्'?