आतल्या भिंतींना जिप्सम की सिमेंट?

विटांचं_घर: आतला गिलावा व्हायचाय. एक मिस्त्री म्हणतो सिमेंटच करा, दुसरा म्हणतो जिप्सम घ्या, पुट्टी वाचेल. फिनिश, तडे, ओल, खर्च सगळं धरून काय करू?

गुळगुळीत: डोळे झाकून जिप्सम. भिंत काचेसारखी होते, रोज पाणी मारायची कटकट नाही, आणि तडे जातच नाहीत. सिमेंटला वर्षभरात जाळं पडतंच.

ओळंबा: ते "जातच नाहीत" जरा आवर. जाळं पडतं ते सिमेंट सुकताना आकसतं म्हणून, त्यात मिस्त्रीनं माल कडक केला आणि पाणी मारायचं टाळलं की बघायलाच नको. जिप्सम घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतं, तिथं तुझं बरोबर. पण कॉलम आणि वीटकाम जिथं भेटतं तिथली सरळ उभी रेघ वेगळी, ती दोघं वेगवेगळं हलतात त्याची आहे, वर काहीही थापा ती येणार. गिलाव्याआधी सांध्यावर जाळी ताणून घ्या, जिप्सम असेल तर फायबरचीच, साधी लोखंडी गंजते आणि डाग रंगातून वर येतात.

छताखाली: आमच्याकडे जिप्समचं फॉल्स सिलिंग आहे, आठ वर्षं झाली, मस्त आहे, बिनधास्त करा.

गुळगुळीत: अहो ते बोर्ड, इथं भिंतीचा गिलावा चाललाय 😄

ओल_आलेली: माझं ऐका. बाथरूमच्या मागच्या बेडरूमच्या भिंतीला जिप्सम केलं. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाला फोड आले, नखानं खरवडलं तर ओल्या खडूसारखं हातात आलं. शेवटी तेवढा पट्टा फोडून सिमेंट केलं. जिप्सम बोगस.

ओळंबा: जिप्सम नाही, जागा चुकली. बाथरूमची पाठ, सिंकची भिंत, बाहेरून ओल येणारी भिंत, तिथं सिमेंटच. बाकीच्या खोल्यांतही खालचे चार-सहा इंच सिमेंटचे ठेवा, फरशी बसवताना आणि पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली.

विटांचं_घर: आणि खर्च? भिंती जरा वाकड्या आहेत.

ओळंबा: मग तिथंच मेख आहे. 25 किलोची गोणी 12-13 मिमी जाडीला साधारण 20-22 चौरस फूट जाते, म्हणजे 10 बाय 10 च्या भिंतीला पाचेक. भिंत इतकी वाकडी असेल की सरासरी 25 मिमी भरावं लागतंय, तर त्याच भिंतीला दहा गोण्या, आणि पुट्टीची बचत गेली. आधी ओळंबा लावून जाडी मोजा, मग दर विचारा.

जुना_मिस्त्री: वाकड्या भिंतीला आधी सिमेंटचा खरबरीत थर, तो नीट सुकू द्यायचा, वर पातळ जिप्सम. आम्ही असंच करतो.

ओळंबा: दोनदा मजुरी लागते त्यात, मला तरी परवडत नाही. पण एक लक्ष ठेवा, जिप्सम अर्ध्या तासात आवळतं. बादलीतला आवळलेला माल पुन्हा पाणी घालून ढवळताना दिसला तर थांबवा, ती भिंत नंतर हाताला पांढरी भुकटी लावते.

जुना_मिस्त्री: मजुरी लागते, पण भिंत सरळ होते ना.