मदत हवी आहे: स्पॅनिश बिगिनर बॅचसाठी प्लेसमेंट टेस्ट, उत्तरांसकट

नवी_मास्तरीण
शनिवारी नव्या मुलांची टेस्ट घेऊन बॅच ठरवायच्या आहेत. वर्तमानकाळ आणि नाम-विशेषणाचं लिंग-वचन जुळवणं, एवढंच तपासायचं आहे. नेटवर मिळतं ते एक तर फारच बाळबोध, नाही तर मध्येच भूतकाळ घुसडलेला. कुणाकडे तयार पेपर आणि उत्तरं असतील तर द्या प्लीज, वेळ अजिबात नाहीये. (फोनवरून लिहितेय, म्हणून स्पॅनिशही देवनागरीत.)

खवचट_काका
किती मुलं? किती बॅच? कागदावर की ऑनलाइन? पर्यायी प्रश्न की रिकाम्या जागा? ताई, डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला प्रकार झाला हा.

दादरचा_दादा
डेले ए-वनचे जुने नमुना पेपर घ्या आणि झेरॉक्स मारा. स्पेनच्या इन्स्टिट्युटो सर्व्हान्तेसची परीक्षा आहे, त्याहून अधिकृत काय असणार?

शेपू
दादा, डेलेमध्ये वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असतं. क्रियापद कुठे अडतंय ते त्या मार्कांवरून कळत नाही. शिवाय ज्याला काहीच येत नाही तो मुलगा पहिल्याच उताऱ्याला घाबरेल.
मास्तरीणबाई, काकांच्या प्रश्नांची उत्तरं द्या आधी. आणि आजवर काय वापरत होतात ते सांगा.

नवी_मास्तरीण
दोन बॅच. एक शून्यापासून, दुसरी साधारण तीन महिने शिकलेल्यांची. पुण्यातला क्लास आहे, बहुतेक कॉलेजची मुलं. कागदावर, अर्धा तास. आजवर पर्यायी प्रश्न होते. उदा. "ला कासा ___": ब्लांको, ब्लांका, ब्लांकोस, ब्लांकास. सगळे पैकीच्या पैकी घेतात आणि वर्गात बसल्यावर बोंब.

टेक्सासची_सून
आमच्या इथे शाळेने लेकाला टेस्टशिवाय थेट दुसऱ्या वर्षात बसवलं, कारण शेजारच्या मेक्सिकन मुलांशी तो फडाफडा बोलतो! लिहिताना मात्र शून्य. माझं मत, पाच मिनिटं बोलून बघा, कळतं लगेच.

दादरचा_दादा
विशेषणांचं सोपं आहे. ओने संपलं की पुल्लिंग, आने संपलं की स्त्रीलिंग. नावं बदलून दहा प्रश्न काढा, झालं.

शेपू
दादा, निम्मं बरोबर आहे, आणि त्याच निम्म्यामुळे यांची टेस्ट फसतेय. "कासा"ला "ब्लांका" लावायला स्पॅनिश यावं लागत नाही, यमक जुळवता आलं की पुरे. "प्रोब्लेमा" आणि "दिआ" आने संपूनही पुल्लिंगी आहेत, "मानो" ओने संपूनही स्त्रीलिंगी.

पण नुसतं "मानो ___" असंही विचारू नका. मग मुलाला त्या नामाचं लिंग पाठ आहे का, एवढंच तपासलं जातं. नामाआधीचं पुल्लिंगी एल किंवा स्त्रीलिंगी ला छापून द्या. "ला नोचे ___ (फ्रीओ)" यात ला दिसतंय, तरी मुलगा "फ्रीओ" लिहितो का, ते बघायचं. "एल आग्वा" मात्र अजिबात नको. तिथे एल असून विशेषण "फ्रीआ" येतं, बिगिनरला उगाच दगा होतो.

पर्याय काढून टाका, रिकामी जागा ठेवा, कंसात मूळ रूप द्या. आणि प्रत्येक प्रश्नाच्या बरोबर उत्तराशेजारी अपेक्षित चुकीचं उत्तरही लिहून ठेवा. बॅच त्यावरूनच ठरते. थोडे प्रश्न देतो.

१. नोसोत्रोस ___ (विविर) एन पुणे. उत्तर विविमोस. "विवेमोस" आलं तर मुलगा कोमेरचा साचा सगळीकडे लावतोय. विविर आणि कोमेर या दोन गटांत फरक दिसतो तो मुख्यतः नोसोत्रोसला, म्हणजे "आम्ही"ला; एयोसला, म्हणजे "ते"ला विचारलंत तर दोन्हीकडे सारखाच शेवट येतो आणि चूक लपते.
२. एयोस ___ (दोर्मिर) मुचो. उत्तर दुएर्मेन. "दोर्मेन" म्हणजे नियमित रूपं येतात, ओचा उए होतो हे अजून शिकलेला नाही.
३. नोसोत्रोस ___ (दोर्मिर) पोको. उत्तर दोर्मिमोस. "दुएर्मिमोस" आलं तर खूश व्हा. बदल शिकलाय, कुठे थांबायचं तेवढं राहिलंय.
४. लास कासास ___ (ग्रांदे). उत्तर ग्रांदेस. आपली मुलं इथे हमखास "ग्रांदे" लिहितात. मराठीत "सुंदर घर, सुंदर घरं", विशेषण जागचं हलत नाही. लिंगाने न बदलणारं विशेषण वचनाने तरी का बदलावं, असं त्यांना वाटतं.
५. लास निन्यास एस्तान ___ (कान्सादो). उत्तर कान्सादास. नाम आणि विशेषणात क्रियापद आलं की लक्ष सुटतं.
६. हुआन इ आना सोन ___ (आल्तो). उत्तर आल्तोस. जवळचं नाव आना, म्हणून "आल्तास" लिहिणारे भेटतील.

असेच प्रत्येक भागात दहा करा. शून्यवाल्यांना त्रास नको म्हणून पहिले चार अगदी साधे ठेवा, आब्लार, कोमेर वगैरे.

नवी_मास्तरीण
हे फार कामाचं आहे. वीसपैकी किती मार्कांना पुढची बॅच?

शेपू
बेरीज करूच नका. समजा एकाला क्रियापदात १० आणि विशेषणात ४, दुसरीला ७ आणि ७. दोघांची बेरीज १४. पहिला पुढच्या बॅचला चालेल, विशेषणं तो वर्ग चालू असताना भरून काढेल. दुसरीच्या क्रियापदांतल्या तीन चुका बघा. तिन्ही दुएर्मेन, किएरो, पुएदो या जातीच्या असतील तर तीही चालेल. विविमोस आणि कोमेमोसच अडलं असेल तर नाही, ती प्रत्येक वाक्याला थांबेल.

खवचट_काका
मी उलट करीन. क्रियापदं पाठांतराने येतात, विशेषणांची सवय एकदा बिघडली की जन्मभर बिघडते. चाराला मी पुढे पाठवणार नाही.

शेपू
काका, त्या चारातल्या सहा चुका एकाच जातीच्या आहेत की सहा जातींच्या, ते बघा ना. सगळीकडे नुसता शेवटचा स राहिला असेल तर सवय कसली बिघडलीय?

काजूफेणी
पणजीत असला क्लास आहे का? पोर्तुगीजही चालेल.

टेक्सासची_सून
"तुम्ही"साठी वोसोत्रोस टाकणार का? इथे कुणीच बोलत नाही, सगळे उस्तेदेस.

शेपू
चांगला मुद्दा. मुलं मेक्सिकन ॲपवर शिकलेली असतील तर वोसोत्रोस त्यांनी पाहिलेलंही नसतं, आणि अर्जेंटिनावाला तूच्या जागी वोस आब्लास म्हणेल, शेवटावर जोर देऊन. कर्ता छापलेला असला की हा घोळ होत नाही. उस्तेदेस द्या, वोसोत्रोस वगळा.

नवी_मास्तरीण
वगळते. आता शेवटचं. "एस्तान"वरची तिरकी खूण राहिली तर मार्क कापायचा का?

शेपू
नाही. प्लेसमेंट आहे, शुद्धलेखन स्पर्धा नाही. नुसती नोंद करा.

खवचट_काका
कापा. "आब्लो" म्हणजे मी बोलतो, आणि शेवटी खूण पडली की "तो बोलला". अर्थ आणि काळ दोन्ही बदलतात.

शेपू
पण पेपरात आधी "यो" छापलेलं आहे, तिथे भूतकाळाचा संशय कसा येईल?

खवचट_काका
तुमच्या पेपरात नाही येणार. वर्गात येईल.

नवी_मास्तरीण
अर्धा मार्क कापते. शनिवारी पेपर झाला की तुमच्या जातींप्रमाणे चुका मोजून इथे टाकते.