अनुभव धागा: थायरॉईड कमी असल्याचं तुम्हाला कधी आणि कसं कळलं?

तापीकाठची
काल कपाट आवरताना राखाडी शाल सापडली. जळगावच्या मे महिन्यात, ४३ अंशांत, मी ती पांघरून बसायचे. घरात कूलर लावला की मी उठून बंद करायचे आणि भाऊ चिडायचा. तेव्हा मी २४ वर्षांची, बीएडच्या शेवटच्या वर्षाला. सात महिन्यांत वजन ५२ वरून ६१ झालं, खाणं तर उलट कमी झालेलं. दुपारी कॉलेजातून आले की दप्तरासकट झोपायचे. आजी म्हणायची, "इतली सुस्त का पडी राहिनी वं?" आई म्हणायची, मोबाईल बंद कर.

पाळी दहा-दहा दिवस चालायची. एका दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.९. लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने घेतल्या, फरक नाही. दुसरीकडे सांगितलं, परीक्षेचं टेन्शन आहे. मी ते खरं मानलं आणि स्वतःलाच बोल लावत राहिले.

शेवटी मामी धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी नाडी धरली, ५४. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मोकळी सोडायला लावली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर यायला सावकाश, जणू पाण्यात आहे. त्यांनी तीनदा मारून मामींना दाखवलं. रक्तात टीएसएच आला ६२; थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो, एरवी साधारण ४ पर्यंतच असावा लागतो.

तुमचं कसं कळलं ते लिहा.

केळीबाग
माय वं! वाचून रडू आलं. माझा आवाज घोगरा झाला होता, बहीण फोनवर रोज विचारायची, सर्दी झाली का. अंगठी साबण लावून काढावी लागली. दीड वर्षाने कळलं.

अण्णा_पाचोरा
माझ्या मिसेसलाही थायरॉईड आहे, पण तिचं वजन उतरलं, हात थरथरतात, छाती धडधडते. तिला थायरॉईड कमी असणाऱ्यांची गोळी चालेल का?

फार्मसीवाला
अण्णा, अजिबात देऊ नका. वहिनींचं उलटं दिसतंय, थायरॉईड जास्त. ही गोळी दिली तर धडधड वाढेल. लवकर दाखवा त्यांना.

अण्णा_पाचोरा
बरं झालं विचारलं. सोमवारी नेतो.

सुगरण_चोपडा
कोबी, फुलकोबी बंद करा, माझ्या नणंदेने सोडली आणि बरी झाली.

फार्मसीवाला
ताई, कच्च्या कोबीचा रस रोज पितं कोण? शिजवलेली भाजी नेहमीएवढी खाल्ली तर अडचण नाही, मीठ आयोडीनचं असलं की झालं. नणंदबाईंनी गोळीही सुरू केली असेल ना?

सुगरण_चोपडा
हो, गोळी आहेच. पण कोबीनेही फरक पडला असं ती म्हणते.

तापीकाठची
पुढचं राहिलं. थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, सहा आठवड्यांनी टीएसएच ३८. डॉक्टरबाईंनी डोस वाढवण्याआधी विचारलं, गोळी कशी घेतेस? मी सांगितलं, सकाळी दुधाच्या चहाबरोबर, लोहाची आणि ही एकदम, म्हणजे विसरायला नको. त्यांनी डोक्यालाच हात लावला. पोटात लोह या गोळीला धरून ठेवतं, मग ती रक्तात नीट उतरतच नाही. आणि थायरॉईड कमी म्हणून पाळी जास्त, पाळी जास्त म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून लोह, आणि लोहाने गोळी अडवली. मी त्याच चक्रात फिरत होते.

मग पहाटे साडेपाचला फक्त पाण्याबरोबर, चहा सहानंतर, लोह रात्री जेवणानंतर. गोळी तीच, ७५. सहा आठवड्यांनी ७.४. मग १०० केली तेव्हा ३ वर आला. पाळी पाच दिवसांवर आली.

भुसावळची_सून
मी कॅल्शियम एकत्र घेते 😟 तेही का?

फार्मसीवाला
तेही. चार तासांचं अंतर ठेवा. ॲसिडिटीचं पातळ औषधही लगेच नको.

केळीबाग
वजन किती उतरलं गं तापीकाठची? माझं तीनच किलो.

तापीकाठची
चार. तोंडाची सूज पहिल्या दोन महिन्यांत गेली, बाकी वजन तसंच आहे. त्यातलं बरंचसं पाणी होतं म्हणे, चरबी या गोळीने जात नाही.

नवी_सदस्य
माझा टीएसएच ६.२ आलाय, त्रास काही नाही. लग्न दिवाळीत. गोळी घ्यावी का?

फार्मसीवाला
एका रिपोर्टवर नको ठरवू. दोन-तीन महिन्यांनी टी४ सकट पुन्हा कर. पण मूल लवकर हवं असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांग, मग त्यांचा हिशेब वेगळा असतो.

केळीबाग
माझ्या डॉक्टरांनी ५.९ लाच सुरू केली होती.

भुसावळची_सून
माझ्या जावेला ७ ला थांब म्हणाले. प्रत्येकाचं वेगळं.

सुगरण_चोपडा
लग्न दिवाळीत कुठे गं? आमच्या चोपड्याकडचं आहे का?

नवी_सदस्य
नाही काकू, अमळनेर 😊