मदत हवी आहे: आमच्या इमारतीत रोपं-फांद्यांची अदलाबदल, सूचना कशी लिहू?

गच्चीवरची बाग:
नमस्कार मंडळी. आम्ही वरूडला राहतो, तीन मजली इमारत, चोवीस बिऱ्हाडं. जुलैच्या तिसऱ्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये फांद्या आणि रोपांची अदलाबदल करायचं ठरलंय. मागच्या वर्षी फार घोळ झाला. मी भिवापुरी म्हणून दिलेली मिरची शेजारच्या काकूंकडे ढोबळी निघाली. चिठ्ठ्या होत्या, पण मार्करची अक्षरं पंधरा दिवसांत उडाली. काकू काही बोलल्या नाहीत, तरी मला अजून ते लागून आहे.

सूचनाफलकासाठी एवढं लिहिलंय:

"रविवारी सकाळी ८ ते १०. ज्यांच्याकडे जादा रोपं किंवा फांद्या असतील त्यांनी आणाव्यात. प्रत्येकावर नाव लिहावं. रोपं ओल्या कापडात गुंडाळून आणावीत."

यात काय कमी आहे?

नर्सरीवाला, मोर्शी रोड:
ताई, नाव लिहा म्हणून भागत नाही जी. कशानं लिहायचं ते सांगा. शीसपेनानं लिहा. मार्कर उन्हानं उडते, शीसपेनाचं अक्षर उन्हापावसात टिकून राह्यते. श्रीखंडाच्या डब्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा अन् पॉलिश पेपरनं थोड्या घासा, म्हणजे शीस उमटते. नाव दोन जागी लिहा, एक वर अन् एक मातीत जाणाऱ्या टोकावर. वरचं पुसलं तरी मातीतलं राह्यते. अन् पट्टी पिशवीला बांधू नका, रोपाच्या मातीतच खोचा. पिशवी त्याच दिवशी फेकल्या जाते.

मिरचीचं सांगतो. रोपावरून ढोबळी हाय की भिवापुरी, आमालेही ओळखू येत नाही. वांग्याचं पान लवदार, टमाट्याचं चोळलं का वास येते, पण मिरची-मिरचीत फरक दिसत नाही. घरच्या झाडाचं बी असंल तर "भिवापुरी" नका लिहू, "भिवापुरी झाडाच्या बियाचं" लिहा. बाजूला दुसरी मिरची असली तर फुलातच संकर होते.

मोगरेवाली:
ओल्या कापडाचं बरोबर आहे. मी सगळ्या फांद्या तशाच नेते, कधी वाया गेलं नाही. मोगरा, जास्वंद, मधुमालती सगळ्याला चालतं.

नर्सरीवाला, मोर्शी रोड:
या तिघाले चालते. चाफा अन् निवडुंगाले नाही. चाफ्याची फांदी तोडली की चीक वाह्यते, ती सावलीत आठवडाभर कोरडी ठेवा, काप सुकू द्या. ओली गुंडाळली की बुडातून सडते. दाबून पाहा, बुड मऊ लागलं तर घेऊच नका. चाफा आणणाऱ्यानं पट्टीवर तोडल्याची तारीख लिहावी, म्हणजे घेणाऱ्याले समजते का लावायची का थांबायचं.

मोगऱ्याच्या फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर घ्या. बुडाचा काप तिरपा अन् शेंड्याचा सरळ द्या. पानं काढल्यावर नवख्याले वरखाली कळत नाही, उलटी लावली तर फुटत नाही.

संत्राबाग:
आमच्या संत्र्याच्या कलमाला खालून लांब काटेरी फांद्या आल्या आहेत, पानंही वेगळी. असं रोप अदलाबदलीत देता येईल का? की रोप देणाऱ्यानं फसवलं?

नर्सरीवाला, मोर्शी रोड:
भाऊ, फसवणूक नाही, तो खालचा जंबेरीचा खुंट फुटला हाय. डोळा बांधल्याच्या जागेखालचे फुटवे कवळे असतानाच हातानं काढा. ठेवले तर झाड जंबेरीचंच होऊन जाईल. अदलाबदलीत देऊ नका.

गच्चीवरची बाग:
दादा, खूप आभार. सूचना बदलली. आता अशी आहे:

"रविवारी सकाळी ८ ते १०, पार्किंगमध्ये. प्रत्येक रोपाच्या मातीत पट्टी खोचावी. पट्टीवर शीसपेनानं नाव, फुलाचा रंग, फांदीची किंवा पेरणीची तारीख आणि आपल्या घराचा नंबर लिहावा, म्हणजे नंतर विचारता येईल. रंग माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहावं. मोगरा-जास्वंदाच्या फांद्या ओल्या वर्तमानपत्रात आणाव्यात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत आणू नयेत, आत वाफ धरून पानं शिजतात. चाफा, निवडुंग कोरडे आणावेत. देण्याआधी पानामागे आणि फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का पाहावं."

शेवटचं वाक्य जास्वंदासाठी. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पिठ्या ढेकूण आहेत, कुणाकडे ते फलकावर लिहिणार नाही. पण कापूस दिसला तर रोप परत पाठवायचं, की घेणाऱ्यानं पंधरा दिवस वेगळं ठेवायचं?

मोगरेवाली:
परत पाठवलं तर माणसं दुखावतात. वेगळं ठेवा म्हणावं.

नर्सरीवाला, मोर्शी रोड:
मी तर परतच पाठवीन जी. एका कुंडीतून आख्ख्या गच्चीत जाते, वेगळं ठेवणारे कमीच असतात.

गच्चीवरची बाग:
यावर घरातही दोन मतं आहेत. आणि एक राहिलंच, ज्यांच्याकडे द्यायला काहीच नाही त्यांना नुसतं घेऊ द्यायचं का? तळमजल्यावरच्या नव्या सुनबाईंनी काल विचारलं, मला उत्तर सुचलं नाही.